ताळेबंदाखालच्या टिपा मराठीत आणताना

महाराष्ट्र शासनाचा 'आकस्मिकता निधी' आपण वर्तमानपत्रांत वाचतो. अनपेक्षित खर्चासाठी राखून ठेवलेली ती रक्कम. त्याच वळणाने बँकांच्या ताळेबंदाखाली येणाऱ्या 'कंटिंजंट लायबिलिटीज' या सदराला काही ठिकाणी 'आकस्मिक दायित्वे' असे नाव मिळाले. सहकारी बँकांच्या मराठी अहवालांत 'संभाव्य देणी' असे छापतात. पहिला शब्द वाचला की वाटते, हे एखादे अचानक ओढवणारे संकट असावे. दुसरा वाचला की वाटते, हे होणारच आहे, फक्त वेळ आलेली नाही. इंग्रजी शब्दाचा अर्थ या दोहोंपेक्षा निराळा आहे. एखादी घटना घडली तर देणे, न घडली तर नाही, आणि ती घटना सर्वस्वी आपल्या हातात नाही, एवढेच तो सांगतो. मी माझ्या कामापुरता 'घटनाधीन देणी' असा शब्द वापरतो. तो जड आहे हे मान्य. पण तो वाचणाऱ्याच्या मनात लगेच प्रश्न उभा राहतो की ती घटना कोणती. कर्ज देणाऱ्याला नेमका तोच प्रश्न पडायला हवा.

बँकेतील नोकरी संपल्यावर मी लोणावळ्यात स्थायिक झालो. मावळातील एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागाने काही प्रकरणांत कंपन्यांच्या लेखापरीक्षित हिशेबांवरील टिपा मराठीत करून देण्याचे काम माझ्याकडे सोपवले. तेथील विश्लेषक कामशेतजवळच्या एका गावातील तरुण मुलगी आहे. मराठी माध्यमात शिकली, वाणिज्य शाखेची पदवी घेतली. गुणोत्तरे काढण्यात तिचा हात धरणारा दुसरा कोणी त्या शाखेत नाही. ताळेबंदाचे आकडे ती भराभर वाचते, परंतु टिपांतील चार-चार ओळींची इंग्रजी वाक्ये आली की तिची लेखणी अडते. अडते ते भाषेपाशी. व्यवहाराची समज तिला पुरेपूर आहे, कारण घरचे किराणा दुकान तिने सांभाळलेले आहे.

त्यांतील एक प्रकरण येथे सविस्तर मांडतो. ओळख पटू नये म्हणून कंपनीचे नाव देत नाही आणि आकडे थोडे फिरवले आहेत. त्यांचे परस्पर प्रमाण मात्र तेच ठेवले आहे.

तळेगावच्या औद्योगिक क्षेत्रात पत्र्याचे दाबीव सुटे भाग करणारी एक कौटुंबिक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. ३१ मार्च २०२४ चा ताळेबंद. नेटवर्थ ६ कोटी ४० लाख, बाहेरची एकूण देणी ११ कोटी २० लाख. म्हणजे स्वतःच्या एका रुपयामागे बाहेरचे पावणेदोन रुपये. कॅश क्रेडिटची मर्यादा दोन कोटींनी वाढवून हवी होती. विक्री वाढती, नफा बरा, खाते नियमित. विश्लेषक ताईंच्या पहिल्या टिपणात शेवटची ओळ अशी होती : 'संभाव्य देणी रु. ६.१२ कोटी असून त्याचा कंपनीच्या आर्थिक स्थितीवर परिणाम होणार नाही.'

हे वाक्य त्यांनी मनाने लिहिलेले नव्हते. मूळ टिपेच्या तळाशी तसे होते, पण त्याची सुरुवात 'व्यवस्थापनाच्या मते' अशी होती. मराठी वाक्याची रचना अशी की सर्व भार अखेरच्या क्रियापदावर जातो. 'व्यवस्थापनाच्या मते' हे दोन शब्द आरंभी आले की वाचक ते ओलांडून 'परिणाम होणार नाही' येथे थांबतो आणि मत हे वस्तुस्थिती होऊन बसते. म्हणून मी तेथे वाक्यच मोडतो. 'कंपनीचे संचालक असे मानतात की याचा परिणाम होणार नाही. या मताला आधार कोणता, हे टिपेत दिलेले नाही.' अनुवादकाने मूळात नसलेले काही घालू नये हे मला ठाऊक आहे. पण टिपेत काय नाही हे चौकटीत वेगळे लिहून देणे, मजकुरात भर घालणे नव्हे.

आता त्या ६ कोटी १२ लाखांच्या चार ओळी. पहिली ६२ लाखांची, शीर्षक 'कंपनीविरुद्धचे, ऋण म्हणून मान्य न केलेले दावे'. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील ठरलेल्या मथळ्याचा हा शब्दशः अनुवाद. यावरून ताईंनी अर्थ लावला की कंपनीने कोणते तरी कर्ज नाकारले आहे, म्हणजे ते द्यायचे नाही. खरा अर्थ साधा आहे : समोरचा म्हणतो पैसे द्या, कंपनी म्हणते आम्ही देणे लागत नाही, आणि निवाडा अजून व्हायचा आहे. मी मथळाच बदलला : 'कंपनीकडे मागितलेल्या, पण कंपनीला मान्य नसलेल्या रकमा.'

ही मागणी वस्तू व सेवा कराची होती. टिपेत फक्त एकूण रक्कम व कंसात 'व्याज वगळून' असे दोन शब्द. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात मात्र सविस्तर तक्ता असतो. २०२० च्या 'कारो' आदेशातील सातव्या कलमानुसार वादात अडकलेल्या प्रत्येक करापोटी कायद्याचे नाव, रक्कम, कोणत्या वर्षाची आणि कोणापुढे प्रकरण आहे, हे लेखापरीक्षकाला लिहावे लागते. टिपा वाचणारे बहुतेक जण ते परिशिष्ट उलटून पाहत नाहीत. तेथे दिसले की कर ३१ लाख आणि दंडही ३१ लाख, वर्ष २०१८-१९, प्रकरण पहिल्या अपिलात.

कर व दंड समसमान, ही खूण जाणत्याने ओळखावी अशी. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांसाठी या कायद्यात दोन वाटा आहेत. साधी चूक असेल तर कलम ७३, आणि दंड साधारणपणे कराच्या दहा टक्के. फसवणूक किंवा जाणूनबुजून दडवादडवी असा आरोप असेल तर कलम ७४, आणि दंड कराइतकाच. टिपेत कलमाचा उल्लेखही नव्हता; आकड्यानेच ते सांगितले. आरोप खरा की खोटा हे अपील ठरवील. पण कर्ज देणाऱ्याने 'किरकोळ तांत्रिक वाद' असे लिहिण्यापूर्वी आदेशाची प्रत मागवणे अगत्याचे होते.

शिवाय 'व्याज वगळून'. व्याजाचा दर वार्षिक १८ टक्के. ३१ लाखांवर पाच वर्षांचे व्याज सुमारे २८ लाख होते. म्हणजे निकाल विरुद्ध गेला तर ६२ नव्हे, ९० लाख. हे दोन शब्द मी कंसातून काढून स्वतंत्र ओळीत घेतले. कंसातील मजकूर डोळा सहज गाळतो.

याच बाबीचे एक टोक ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला सापडते. अपील दाखल करताना वादग्रस्त कराच्या दहा टक्के रक्कम आधी भरावी लागते. ती ३ लाख १० हजारांची रक्कम 'शासकीय खात्यांकडील येणे' या नावाने चालू मालमत्तेत बसली होती. ताईंनी ती खेळत्या भांडवलात धरली होती. नियमाने चूक नाही, पण ते पैसे निकालापर्यंत परत येणार नाहीत. मला हे मागचे दार फार उपयोगी वाटते. ज्या कंपनीच्या टिपांत कराचा वाद दिसत नाही, पण मालमत्तेत 'निषेध नोंदवून भरलेली रक्कम' किंवा 'अपिलापोटी अनामत' दिसते, तेथे वाद आहेच, फक्त टीप लिहायची राहिली आहे.

टीप का राहते, याचे उत्तर हिशेबाच्या मानकात आहे. आपल्याकडील लेखा मानक २९ शक्यतेच्या तीन पायऱ्या मानते. पैसे जाण्याची शक्यता न जाण्यापेक्षा अधिक असेल, आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज करता येत असेल, तर तरतूद करायची, म्हणजे नफ्यातून ती रक्कम वजा होते. शक्यता आहे पण तितकी नाही, तर केवळ टिपेत लिहायचे. शक्यता अगदीच दूरची असेल तर काहीच लिहायचे नाही. इंग्रजीत या तिन्हींना तीन वेगळे शब्द आहेत. मराठीत घाईने केलेल्या अनुवादात पहिल्या दोहोंना 'शक्य' आणि 'संभाव्य' असे शब्द पडतात आणि सामान्य वाचकाला त्यांत भेद दिसत नाही. मी शब्द शोधण्याच्या नादी न लागता सरळ सांगतो : 'बहुधा द्यावे लागेल', 'द्यावे लागेल किंवा लागणारही नाही', 'द्यावे लागण्याची शक्यता जवळपास नाही'. यांतील कोणती पायरी, हे प्रथम ठरवते ते व्यवस्थापन. पायरी एकाने चढवली की नफा कमी होतो आणि एकाने उतरवली की टीपही नाहीशी होते. हे एकदा समजले की विश्लेषकाला 'तरतूद न केलेल्या मर्यादेपर्यंत' हा मथळ्यातील दुसरा अवघड भागही उलगडतो : एखाद्या मागणीचा काही भाग नफ्यातून आधीच वजा झाला असू शकतो, येथे दाखवलेला आहे तो उरलेला.

दुसरी ओळ ४५ लाखांची बँक गॅरंटी. ताईंना वाटले कंपनीकडे कोणाची तरी हमी आहे, म्हणजे बळकटी. प्रत्यक्षात बँकेने कंपनीच्या वतीने ग्राहकाला हमी दिली होती, आणि ती वटवली गेली तर बँक ते पैसे कंपनीकडूनच वसूल करणार. हमी कोणी, कोणाला, कोणासाठी दिली, हे तिन्ही लिहिल्याशिवाय त्या वाक्याचा अनुवाद पुरा होत नाही. मार्जिनपोटी ठेवलेली मुदत ठेव 'रोख व बँक शिल्लक' यात दिसते, ती मोकळी रोकड नव्हे, एवढे सांगून पुढे जातो.

चौथी ओळ आधी घेतो : वटवलेली बिले, ८५ लाख. माल विकला, खरेदीदाराची हुंडी बँकेकडून वटवून घेतली, पैसे आले, येणे कमी झाले. खरेदीदाराने मुदतीत पैसे दिले नाहीत तर बँक विकणाऱ्याकडे वळते. व्यापारी घरांना हे नवीन सांगायला नको. हुंडी परत आली की काय होते हे आपल्या पेढ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे. फरक एवढाच की रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणाऱ्या 'ट्रेड्स' मंचावर लघुउद्योगाने बिल विकले तर पैसा देणारा त्या लघुउद्योगाकडे परत येऊ शकत नाही. दोन्हींना बोलीभाषेत 'डिस्काउंटिंग' म्हणतात. टिपेत फक्त पहिल्या प्रकारचीच बिले येतात. तेव्हा या ओळीला मराठी नाव 'वटवलेली बिले' एवढे पुरत नाही, 'वटवलेली, पण परत येऊ शकणारी बिले' असे लिहावे लागते.

आणि तिसरी ओळ, ४ कोटी २० लाखांची. मूळ वाक्याचा चांगला अनुवादकही असा अनुवाद करील : 'प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्तींचा लक्षणीय प्रभाव असलेल्या उपक्रमाने घेतलेल्या पतसुविधांच्या संदर्भात दिलेली कॉर्पोरेट हमी.' प्रत्येक शब्द बरोबर आहे आणि वाचून काहीही कळत नाही. मी लिहिले : 'या कंपनीच्या संचालकांच्याच हातात असलेल्या दुसऱ्या एका कंपनीने कर्ज घेतले आहे. तिने ते फेडले नाही तर आम्ही फेडू, असे या कंपनीने त्या बँकेला लिहून दिले आहे.'

ती दुसरी कंपनी कोणती, हे या टिपेत नव्हते. आठ पाने पुढे संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप असते, तेथे नाव सापडले. लोणावळ्याच्या बाजूला रिसॉर्ट बांधणारी कंपनी. पत्र्याच्या धंद्याचा आणि तिचा संबंध घरापुरताच होता.

त्या ओळीत आणखी एक गोष्ट दडलेली होती. ४ कोटी २० लाख ही वर्षअखेरीस बाकी असलेली कर्जाची रक्कम. हमी मात्र मंजूर कर्जाला दिलेली, आणि मंजुरी ६ कोटींची. बांधकाम पुढे सरकले की उरलेले १ कोटी ८० लाख उचलले जाणार आणि त्याबरोबर या कंपनीवरचा भार आपोआप वाढणार. त्यासाठी येथे नवा कागद करावा लागणार नाही. टीप खोटी नव्हती. ती त्या दिवसाचे छायाचित्र होती.

ताईंनी मला विचारले, "काका, पण आधी रिसॉर्टची मालमत्ता विकतील ना? मग आपल्या कर्जदाराकडे येतील." हा समज फार पसरलेला आहे, आणि आपल्या घरांतही आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम १२८ सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते, करारात वेगळे ठरले नसेल तर. आधी ऋणकोकडे जा, मग जामीनदाराकडे, असा क्रम धनकोवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच एका बँकेच्या दाव्यात स्पष्ट केले. मी त्यांना म्हटले, "ताई, धनको आधी तेथे जातो जेथे पैसे लवकर निघतात. अर्धवट बांधलेले रिसॉर्ट विकायला वर्षे जातील. चालू कारखान्याच्या खात्यात दर आठवड्याला पैसे येतात."

मोठ्या प्रमाणावर हेच आपल्या जिल्ह्यात घडलेले आहे. शेजारच्या मुळशी तालुक्यातील लवासा उभारणारी कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. तिची मातृकंपनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन ही धरणे, पूल, बोगदे बांधणारी जुनी नामांकित कंपनी. तिने लवासाच्या धनकोंना हमी दिलेल्या होत्या. त्या तिच्या हिशेबांच्या टिपांत वाचायला मिळत होत्या. धंदा निराळा, कंपनी निराळी, तरी डोंगरातील नगराचे कर्ज पूल बांधणाऱ्यांच्या दारापर्यंत पोहोचू शकते ते अशा एका ओळीमुळे.

सर्व ओळी उलगडल्यावर ताईंनी दुसरा हिशेब मांडला. हमी मंजुरीच्या रकमेवर ६ कोटी, कर व्याजासह ९० लाख, बिले ८५ लाख. बँक गॅरंटी चालू कामाची म्हणून बाजूला. मिळून ७ कोटी ७५ लाख. ती ११ कोटी २० लाखांत मिळवली तर १८ कोटी ९५ लाख होतात, म्हणजे स्वतःच्या एका रुपयामागे बाहेरचे जवळपास तीन रुपये. हा सर्वांत वाईट दिवसाचा हिशेब. तो खरा मानून कर्ज नाकारणे अन्यायाचे झाले असते, कारण सगळ्या घटना एकदम घडत नाहीत. बिले नियमित भरणाऱ्या दोन मोठ्या ग्राहकांची होती, ती ताईंनी लगेच वगळली. करापोटी अर्धी रक्कम धरली. उरला रिसॉर्टचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर टिपांत मिळणार नव्हते.

म्हणून तीन कागद मागितले : रिसॉर्ट कंपनीच्या कर्जाचे ताजे खाते उतारे, तिची पत माहिती संस्थेकडील नोंद, आणि हमी देण्यासाठी तळेगावच्या कंपनीच्या भागधारकांनी केलेला विशेष ठराव. ठराव होता. खाते उताऱ्यात दिसले की मागील तिमाहीत हप्ता चाळीस दिवस उशिरा भरला होता. नव्वद दिवसांपूर्वी खाते अनुत्पादित होत नाही, पण तीस दिवस उलटले की रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत ते विशेष निरीक्षणाच्या दुसऱ्या पायरीवर जाते. आणि तो हप्ता शेवटी भरला गेला तो तळेगावच्या कंपनीने दिलेल्या उसनवारीतून. म्हणजे घटना घडण्याची वाट पाहायची गरज राहिली नव्हती; ती हप्त्याहप्त्याने घडू लागली होती. ज्या दोन कोटींची मागणी होती त्यातील काही भाग कोठे गेला असता, हे कोणी बोलून दाखवले नाही.

कर्ज समितीने सव्वा कोटीची वाढ दिली. अट अशी की रिसॉर्टचे पुढील पैसे उचलण्यापूर्वी या बँकेला लेखी कळवायचे, आणि कंपनीने संबंधित कंपनीला उसनवारी द्यायची नाही. कंपनीचे वडीलधारे संचालक चर्चेला स्वतः आले होते. त्यांनी काही लपवले असे मला वाटले नाही. मुलाच्या धंद्याला हमी दिली, ती त्यांच्या लेखी देणे नव्हतेच.

टिपांची मर्यादाही सांगितली पाहिजे. टिपेत तेच येते जे कोठे तरी नोंदले गेले आहे. २०१८ च्या फेब्रुवारीत पंजाब नॅशनल बँकेने सुमारे ११,४०० कोटींचा घोटाळा जाहीर केला, तेव्हा मुंबईच्या एका शाखेतून परदेशी बँकांना पाठवलेली हमीपत्रे बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत नोंदलेलीच नव्हती. जे पुस्तकात नाही ते कितीही चांगल्या मराठीत आणता येत नाही.

आपल्या बहुतेक पेढ्या मात्र कंपन्या नाहीत. भागीदारी किंवा एकट्याच्या मालकीच्या आहेत. त्यांना परिशिष्टातील हे मथळे बंधनकारक नाहीत आणि लेखापरीक्षकही ते क्वचितच विचारतो. साडूच्या गोदामासाठी, भाच्याच्या वाहनकर्जासाठी, शेजारच्या दुकानदाराच्या पतसंस्थेतील कर्जासाठी केलेल्या सह्या कोणत्याच ताळेबंदात नसतात. मे २०२१ च्या निकालानंतर तर कंपनीची दिवाळखोरी संपली तरी वैयक्तिक जामीनदाराची जबाबदारी आपोआप संपत नाही, हे निश्चित झाले आहे. त्या शाखेने आता कर्ज अर्जाला एक मराठी पान जोडले आहे. ताईंनीच तयार केले, मी फक्त शुद्धलेखन पाहिले. त्यात 'आकस्मिक' नाही, 'संभाव्य' नाही आणि माझे 'घटनाधीन'ही नाही. चार रकाने आहेत : कोणासाठी सही केली, कोठे केली, मंजुरी किती, आज बाकी किती. गेल्या महिन्यात एका किराणा व्यापाऱ्याने ते भरताना घरी दोनदा फोन केला आणि सहा ओळी लिहिल्या; अर्ज भरायला घेतला तेव्हा त्यांना दोनच आठवत होत्या.